मॉर्फिन चालू असताना पोट चालू ठेवणं: माझा साधारण वर्षभराचा अनुभव

मणक्याच्या दुसऱ्या ऑपरेशननंतरही उजव्या पायातली कळ गेली नाही, आणि फेब्रुवारीत पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली. चिठ्ठीवर त्याच्याच खाली अजून दोन औषधं होती, सेनाच्या गोळ्या आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. मी म्हटलं डॉक्टर, माझं पोट रोज साफ होतं, हे कशाला? तर ते म्हणाले, "आज होतंय म्हणूनच आजपासून. बंद पडल्यावर सुरू केलं तर तुम्ही कायम मागेच राहाल." हे लिहायला बसले ते या वाक्यासाठीच, कारण नंतर वेटिंग रूममध्ये जितक्या जणांशी बोलले त्यातल्या बहुतेकांना मॉर्फिन, ट्रॅमाडॉल नाहीतर फेंटानिलचा पॅच मिळाला होता पण सोबत पोटाचं काहीच मिळालं नव्हतं.

असं का होतं ते त्यांनी त्याच दिवशी समजावलं. मॉर्फिन मेंदूत आणि मणक्यात ज्या रिसेप्टरला चिकटून दुखणं कमी करतं तेच रिसेप्टर आतड्याच्या भिंतीतल्या नसांमध्येही भरपूर असतात. तिथे ते चिकटलं की आतडं आकुंचन पावतं पण पुढे ढकलत नाही, जागच्या जागी आवळत राहतं. मल आत जास्त वेळ थांबतो, त्यातलं पाणी शोषलं जातं, आतड्यात पाझरणारा द्रवही कमी होतो, शेवटचा स्नायू आवळलेला राहतो, आणि वर शौचाला लागल्याची जाणीवच बोथट होते. म्हणजे एकाच वेळी सगळीकडून. आणि मुख्य गोष्ट, मळमळ आणि गुंगीची शरीराला काही दिवसांत सवय होते, माझी मळमळ आठवड्याभरात गेली, पण आतड्याला सवय होत नाही. गोळी जितके दिवस, तितके दिवस हे राहणार. त्यामुळे "थांब, बसेल हळूहळू" हा सल्ला इथे लागू पडत नाही.

दोन औषधं का, तर दोघांचं काम वेगळं आहे. सेना आतड्याला ढकलायला लावतं, घेतल्यावर साधारण सहा ते बारा तासांनी काम करतं म्हणून रात्री घ्यायचं. मला ८.६ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री होत्या. पावडर १७ ग्रॅम, मोठ्या ग्लासभर पाण्यात, दिवसातून एकदा. ती मलात पाणी धरून ठेवते, पण तिला परिणाम दाखवायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे आज अडलं म्हणून आज पावडर घेतली तर आज काही होणार नाही, ती रोजच घ्यायची गोष्ट आहे. काही जणांना पावडरऐवजी लॅक्ट्युलोजचं सिरप देतात, ते पण चालतं पण त्याने गॅस आणि पोटफुगी जास्त होते असं सिस्टर म्हणाल्या.

ताईने फोनवर ऐकल्या ऐकल्या विचारलं, "अगं इसबगोल घे ना, एवढी औषधं कशाला?" मी तेच सिस्टरना विचारलं. त्यांचं उत्तर असं, की इसबगोल मलाचा आकार वाढवतं आणि मग आतड्याने तो ढकलावा अशी अपेक्षा असते, पण इथे ढकलणंच मंद झालंय, मग तो वाढलेला गोळा आत बसून राहतो, त्यात पाणी कमी प्यायलं तर अडकूही शकतो. जेवणातला नेहमीचा चोथा चालू ठेवा पण वेगळी फायबरची पावडर मॉर्फिनसारखं ओपिऑइड चालू असताना आपल्या मनाने सुरू करू नका. तसंच नुसतं मल मऊ करणारं डॉक्युसेट, ते एकटं इथे पुरत नाही. मऊ झालं तरी ढकलणार कोण?

ताईची दुसरी शंका म्हणजे रोज जुलाबाची गोळी घेतली तर आतडं आळशी होईल. ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, मलाही होती. डॉक्टर म्हणाले सांगितलेल्या डोसमध्ये सेना रोज घेतल्याने आतडं निकामी होतं याला चांगला पुरावा नाही, आणि तुमच्या बाबतीत आतडं मंद करणारं औषध आधीच पोटात आहे, त्याला उत्तर देणारं नको का?

पहिले तीन महिने खरंच ठीक गेले. सिस्टरनी एक साधी वही ठेवायला सांगितली होती. तारीख, मॉर्फिन किती, सेना किती, शौचाला झालं का, कसं झालं (खडे, घट्ट, मऊ, पातळ), कुंथावं लागलं का, आणि राहून गेल्यासारखं वाटलं का. त्यांनी ठरवून दिलेलं गणित असं: दोन दिवस काही झालं नाही तर सेना वाढवायचं, तिसरा दिवसही कोरडा गेला तर वाट बघायची नाही, क्लिनिकला फोन करायचा. खूप पातळ झालं तर डोस कमी करायचा पण एकदम सगळं बंद करायचं नाही, कारण दोन दिवसांनी परत अडतं आणि मग वरखाली वरखाली सुरू होतं. शिवाय नाश्त्यानंतर अर्ध्या तासात संडासला जाऊन बसायचं, लागलेलं असो वा नसो, कारण खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप थोडं हलतं आणि रात्रीचं सेनाही तेव्हाच कामाला आलेलं असतं. पायाखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, थोडं पुढे वाकून. पाठीच्या ऑपरेशनवाल्यांनी पुढे वाकण्याबद्दल आधी विचारून घ्या, मला हातांचा आधार घेऊन वाकायला परवानगी होती. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, कुंथत बसायचं नाही.

मे महिन्यात दुखणं वाढलं आणि फोनवरच्या अपॉइंटमेंटमध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी मॉर्फिन सकाळ-संध्याकाळ ३० मिलिग्रॅम केलं. मॉर्फिन तिप्पट झालं, सेना मात्र जिथल्या तिथेच, त्याबद्दल कोणी काही बोललंच नाही. जूनमध्ये पायातल्या जळजळीसाठी न्यूरॉलॉजिस्टनी रात्री अमिट्रिप्टिलिन सुरू केलं, आधी १० मग २५ मिलिग्रॅम. त्याच सुमारास हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच औषध दिलं होतं, फक्त पूर्ण यादी कोणाच्याच समोर नव्हती. वहीत मात्र स्पष्ट दिसत होतं, जूनच्या मध्यापासून "खडे" आणि "कुंथले" हे शब्द रोज आणि मध्ये मध्ये नुसत्या रेघा. तोंडाला कोरड पडायला लागली होती ती मी उन्हाळ्याच्या खात्यावर टाकली होती.

जुलैमध्ये मग तो प्रकार झाला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय. बरेच दिवस नीट झालं नव्हतं, सेना वाढवून बघितलं होतं, पोट फुगलेलं, भूक नाही, आणि मग एका सकाळी अचानक पातळ पाण्यासारखं, थोडं थोडं, दिवसातून पुन्हा पुन्हा, कधी न कळत. नवरा म्हणाला झालं मोकळं एकदाचं, आता जुलाबाचं औषध बंद कर आणि जुलाब थांबवायची गोळी घे. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण इतके दिवस काहीच नाही आणि एकदम पाणी, हे मला जुळेना, म्हणून आधी सिस्टरना फोन केला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. आधी किती दिवस नीट झालं नव्हतं? पोट आता हलकं वाटतंय की अजून फुगलेलंच आहे? आणि हे पातळ न कळत जातंय का? मग म्हणाल्या, "काही थांबवायची गोळी घेऊ नका, आजच या."

खाली घट्ट मलाचा मोठा खडा अडकलेला असतो आणि वरचा पातळ भाग त्याच्या कडेने झिरपतो, बाहेरून ते जुलाबासारखं दिसतं. अशा वेळी लोपेरामाइड घेतलं तर अजून बिघडतं, कारण लोपेरामाइड हे स्वतःच आतड्यावर काम करणारं ओपिऑइड आहे, मेंदूत फारसं जात नाही एवढंच. मला हे माहीतच नव्हतं, दुकानात सहज मिळणारी गोळी मॉर्फिनच्याच कुटुंबातली असेल असं कोणाच्या डोक्यात येईल?

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी पोट तपासलं, बोटाने गुदद्वाराची तपासणी केली (लाज वाटते, पण मिनिटभराचं काम आहे आणि त्यानेच निदान होतं) आणि आतडं पूर्ण अडलेलं नाही ना हे बघायला पोटाचा एक्स-रे काढला. हा क्रम महत्त्वाचा, कारण आतडं खरंच बंद असेल तर वरून जुलाबाची औषधं देणं धोक्याचं. मग ग्लिसरिनची सपोझिटरी, त्यानंतर एनिमा, आणि खालचा भाग मोकळा झाल्यावर तीच पावडर मोठ्या डोसमध्ये त्यांच्या देखरेखीखाली. मॉर्फिन बंद केलं नाही. एनिमा देण्याआधी त्यांनी किडनीचा त्रास आहे का ते विचारलं, कारण फॉस्फेटचा एनिमा किडनी कमजोर असलेल्यांना नको. केमो चालू असेल, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असतील तर खालून काहीही घालण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, हे शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगताना ऐकलं. दुपार ते रात्र गेली, दुखलं, रडूही आलं, पण दुसऱ्या दिवशी पोट कितीतरी दिवसांनी सपाट होतं.

तिथे डॉक्टरांनी एक प्रश्न सरळ विचारला, "पोट साफ व्हावं म्हणून मॉर्फिनची गोळी मधून चुकवता का?" मी चुकवली नव्हती पण मनात येऊन गेलं होतं. ते म्हणाले खूप जण चुकवतात आणि सांगत नाहीत, मग दुखणं वाढलं असं समजून डोस वाढवला जातो आणि पोट अजून अडतं. तुम्ही करत असाल तर सांगून टाका, कोणी रागावत नाही.

पुढच्या आठवड्यात क्लिनिकच्या फार्मासिस्टबरोबर वेगळी अपॉइंटमेंट मिळाली, त्यासाठी घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा असं सांगितलं होतं, यादी नाही, पाकिटंच. सर्दीची, अ‍ॅसिडिटीची, ताकदीची, सगळी. त्यांनी एकेक पाकीट उचलून दोन ढीग केले, पोटाला मंद करणारी एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे, आणि पहिला ढीग मला वाटलं होतं त्याहून बराच मोठा निघाला. अमिट्रिप्टिलिन तर होतंच, ते आतड्याला हलवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनचा रस्ता अडवतं, तोंड कोरडं पडणं ही त्याचीच खूण. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन तेच करतं. लोह, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियमवालं अँटासिड, हे वेगळ्या मार्गाने पण घट्टच करतात. मला लागू नसलेली अजून काही त्यांनी सांगितली: लघवी रोखायचं ऑक्सिब्युटिनिन, उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन, ब्लडप्रेशरचं व्हेरापामिल, वजन आणि शुगरसाठीची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं. आणि क्लोझापिन, ज्यात बद्धकोष्ठ इतकं गंभीर होऊ शकतं की अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावरचा इशारा अजून कडक केला. घरात कोणी हे घेत असेल आणि पोटाची तक्रार करत नसेल तरी आपण विचारावं.

यातलं काहीच आपल्या मनाने बंद करायचं नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. त्यांनी तिन्ही डॉक्टरांना एकच पत्र लिहिलं. उत्तरं यायला वेळ लागला पण आली: अमिट्रिप्टिलिन हळूहळू उतरवून ड्युलोक्सेटिन (त्यानेही काहींचं पोट घट्ट होतं, पण तोंडाची कोरड माझी तरी गेली), लोह दिवसाआड, अँटासिड बदललं, सर्दीची गोळी बाद. सेना वाढवून सकाळी दोन आणि रात्री दोन, पावडर दिवसातून दोनदा.

ऑगस्टच्या शेवटी तरीही पूर्ण समाधान नव्हतं. सिस्टरनी तीन प्रश्नांची एक पट्टी भरून घेतली, बॉवेल फंक्शन इंडेक्स म्हणतात. गेल्या सात दिवसांत शौचाला होणं किती अवघड गेलं, पूर्ण झालं नाही असं किती वाटलं, आणि एकूण तुमच्या मते बद्धकोष्ठ किती आहे, प्रत्येकाला ० ते १०० गुण आणि तिघांची सरासरी. माझे ६०, ७० आणि ६५, म्हणजे ६५. साधारण ३० च्या खाली असेल तर ठीक समजतात. जुलाबाची औषधं नीट घेऊनही ३० च्या वर राहिलं तर पुढची पायरी चढायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढची पायरी म्हणजे फक्त आतड्यातल्या रिसेप्टरवरून मॉर्फिनला हटवणारी औषधं. नालोक्सेगॉल आणि नालडेमेडिन गोळीत येतात, मेथिलनालट्रेक्सोनचं इंजेक्शनही असतं. ती मेंदूत फारशी पोचत नाहीत म्हणून दुखणं कमी करण्याचं काम तसंच राहतं. मला नालोक्सेगॉल २५ मिलिग्रॅम, सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या तासभर आधी. महाग आहे, सेना आणि पावडरच्या महिन्याच्या खर्चाच्या कितीतरी पट, म्हणून विम्याची आधी मंजुरी लागली. पहिला अर्ज परत आला, कारण आधी कोणती जुलाबाची औषधं, कोणत्या डोसमध्ये, कधीपासून कधीपर्यंत घेतली त्याच्या तारखा नव्हत्या. इथे ती वही कामी आली. पानांच्या झेरॉक्स, औषधांची बिलं आणि त्या पट्टीचा कागद असं जोडून सिस्टरनी पुन्हा पाठवलं आणि जवळजवळ महिन्याने मंजुरी आली, तीही ठरावीक मुदतीची. त्यामुळे बिलं फेकू नका आणि वहीत डोस लिहाच.

सुरू करण्याआधी डॉक्टरांनी पोट परत तपासलं, कारण आतड्यात अडथळा असेल किंवा तशी शक्यता असेल तर हे औषध देत नाहीत, आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. किडनी कमजोर असेल तर अर्धा डोस. ग्रेपफ्रूट बंद, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि काही फंगसची औषधं याच्यासोबत चालत नाहीत, म्हणून आता कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेले की हे नाव मी पहिलं सांगते. सेना आणि पावडर सुरुवातीला थांबवायला सांगितली, तीन दिवसांनी गरज वाटली तर परत. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोनदा झालं, पोटात चांगलाच मुरडा आला, दोन-तीन दिवस राहिला मग ओसरला. घाम, थंडी, सारख्या जांभया, अस्वस्थपणा असं आलं तर लगेच कळवा असं सांगितलं होतं, ती मॉर्फिन अचानक काढून घेतल्यासारखी लक्षणं असतात. मला तसं काही झालं नाही. चौथ्या दिवसापासून रात्रीच्या दोन सेना परत सुरू केल्या आणि त्यावर गाडी बसली. नोव्हेंबरमध्ये पट्टी परत भरली, २०, ३० आणि २५, सरासरी २५.

मध्ये एकदा दुसऱ्याच कारणाने दोन रात्री हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं, तिथल्या चार्टवर मॉर्फिन होतं पण सेना नव्हतं. विचारलं तेव्हा लगेच लिहिलं. अ‍ॅडमिट होताना आणि घरी सोडताना चिठ्ठीवर दोन्ही आहेत का ते बघा, आणि मॉर्फिनचा डोस वाढला की त्याच फोनवर विचारा, मग पोटाच्या औषधाचं काय करू?

एक यादी मी फ्रिजवर चिकटवलीय, ती नवऱ्यासाठी आहे, माझ्यापेक्षा त्याला जास्त लागेल: उलट्या होतायत, पोट फुगून कडक झालंय आणि गॅसही सरत नाही, पोटात असह्य दुखतंय, ताप आहे, किंवा शौचातून रक्त जातंय, तर कुठलंही जुलाबाचं औषध द्यायचं नाही, सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

आता फेब्रुवारीपासून मॉर्फिन हळूहळू उतरवायचं ठरलंय, दर काही आठवड्यांनी एक पायरी. पोटाची औषधं पण एकदम न सोडता मागोमाग उतरवायची, आधी रात्रीचं सेना, आणि मॉर्फिनची शेवटची गोळी संपली की नालोक्सेगॉल पण बंद, कारण मग हटवायला काही उरतच नाही. विम्याच्या मंजुरीची मुदत त्याआधी संपतेय, म्हणून नूतनीकरणाचा फॉर्म कालच भरून दिला, यावेळी तारखांसकट.